मक्याचा दाणा पोटातून सगळाच्या सगळा कसा बाहेर येतो?

आज जो विषय घेतला आहे, तो बैठकीत कुणी मोठ्याने काढत नाही. बैठक संपली, सह्या झाल्या, पैसे मोजून झाले, की चपला घालता घालता एखादी हळूच बाजूला घेते आणि विचारते, "ताई, पोराच्या शीमध्ये मक्याचे दाणे दिसतात हो. तसेच्या तसे. त्याला काही पचतच नाही का?" मग तिच्यामागे उभी असलेली दुसरी म्हणते, "माझ्या पण". आणि तिसरी म्हणते, "पोराचं सोडा, माझंच तसं होतंय."

आमच्याकडे सिल्लोड, कन्नड, भोकरदनच्या पट्ट्यात खरिपाला कपाशी आणि मका. भादव्यात कोवळी कणसं आली की घरोघरी भाजलेली, उकडलेली कणसं सुरू होतात, आणि त्याच दिवसांत हा प्रश्नही सुरू होतो. म्हणून मक्यापासूनच सुरुवात करते. मका नीट कळला की मिरचीच्या बिया, टोमॅटोची साल, पेरूच्या बिया, पालकाचे तुकडे हे सगळं आपोआप कळतं.

एक उकडलेलं कणीस घ्या आणि त्याचा एक दाणा सोलून बोटांच्या चिमटीत दाबा. आतला पांढरा, पिठूळ गर सटकन बाहेर येईल आणि बोटात एक पातळ, पिवळसर, पारदर्शक पापुद्रा राहील. तो पापुद्रा ओढून बघा. लवकर फाटत नाही. चघळून बघा, कितीही चघळला तरी विरघळत नाही. आपल्याला ज्याची काळजी वाटते ते जवळजवळ सगळं या पापुद्र्यात आहे.

आतल्या गरात पिष्ट आहे, थोडं प्रथिन आहे, थोडं तेल आहे. हे आपलं पोट व्यवस्थित पचवतं. तोंडातल्या लाळेपासूनच पिष्ट पचायला सुरुवात होते. जठरात आंबट रस मिळतो, पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस आणि पित्त मिळतं, आणि गराचं जे काही चांगलं आहे ते रक्तात जातं. पापुद्रा मात्र वेगळ्याच मालाचा आहे. झाडाचं खोड, काडी, पान ज्या चिवट धाग्यांनी उभं राहतं त्याच जातीच्या धाग्यांनी तो बनलेला आहे. त्याला सेल्युलोज म्हणतात. सेल्युलोज तोडणारा रस माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. लहान मुलात नाही, पैलवानात नाही, कुणातच नाही. त्यामुळे पापुद्रा तोंडातून जसा गेला तसाच दुसऱ्या दिवशी बाहेर येतो.

आता तुम्ही म्हणाल, पण ताई, बाहेर आलेला दाणा फुगलेला असतो, भरलेला असतो, नुसतं साल नसतं. बरोबर आहे. बऱ्याच वेळा दाणा एका बाजूने फुटलेला असतो, आतला गर पचून गेलेला असतो, आणि रिकाम्या झालेल्या त्या पिशवीत मळ भरतो. वरून पिवळी साल आणि आकार दाण्याचा, म्हणून आपल्याला वाटतं की अख्खा दाणाच आला. काही दाणे मात्र खरोखरच अख्खे येतात. जो दाणा दाताखाली आलाच नाही, तसाच गिळला गेला, त्याच्या पापुद्र्याला भोकच पडलेलं नसतं. मग रस आत जाणार कुठून? तो दाणा आत गरासकट बाहेर येतो.

हे आपल्याला नवीन नाही खरं तर. दुभत्या म्हशीला आपण मका अख्खा टाकतो का? नाही. भरडून आणतो. कारण अख्खा टाकला की शेणात दाणे दिसतात हे आपल्या सासवांना कधीपासून माहीत आहे. आणि म्हैस तर रवंथ करणारी! तिच्या पोटात चार कप्पे, त्यातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव, ते तिच्यासाठी कडबासुद्धा तोडून देतात. तिलाही न फुटलेला दाणा जड जातो. कोंबडी दाणे अख्खे गिळते, पण तिच्या पोटात खड्यांची पिशवी असते, तिथे दाणा दळला जातो. आपल्याकडे ना चार कप्पे, ना खडे. आपली गिरणी एकच आहे, आणि ती तोंडात आहे. दात. तिथे जे दळलं गेलं नाही, ते पुढे कुठेच दळलं जात नाही.

शेणखतातून तण येतं हेही आपण दरवर्षी खुरपताना बघतो. गवताचं बी जनावराच्या पोटातून जाऊन, खतात राहूनही उगवतं. पिंपळ भिंतीवर उगवतो तो पक्ष्याच्या विष्ठेतून. पेरू, वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या बियांना निसर्गाने टणक कवच दिलंय ते याचसाठी, की कुणीतरी फळ खावं, गर पचवावा आणि बी मात्र न पचवता लांब नेऊन टाकावं. त्यामुळे पेरूची बी पोटातून जशीच्या तशी बाहेर पडली, तर ती तिच्या ठरलेल्या कामालाच लागलेली आहे. तिथे पोटाचा दोष काढण्यात अर्थ नाही.

मक्याच्या पापुद्र्याची अडचण जगात सगळीकडे जाणवली आहे बरं का. मका मुळात मेक्सिकोकडचा. तिथले लोक फार पूर्वीपासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात. चुन्याने पापुद्रा सुटा होतो आणि धुण्यात निघून जातो. मग ते वाटून भाकरी करतात. आपण चुन्यात घालत नाही, पण मका दळून भाकरी करतो किंवा कणीस किसून कीस करतो तेव्हा हेच काम दुसऱ्या वाटेने होतं. भाकरी खाल्ल्यावर मका दिसला अशी तक्रार घेऊन माझ्याकडे अजून कुणी आलेली नाही.

मक्यानंतर मग बाकीची मंडळी. टोमॅटोची साल, ढोबळ्या मिरचीची साल, हिरव्या मिरचीच्या बिया, वांग्याच्या, काकडीच्या, भेंडीच्या बिया, तीळ, जवस, मटकीची टरफलं, वाटाण्याची साल, शेंगदाण्याचे कण, पालेभाजीचे हिरवे तुकडे, गाजराचे केशरी तुकडे, कोथिंबिरीच्या काड्या. या सगळ्यांची गोष्ट एकच आहे. वरचा भाग चिवट, त्याला तोडणारा रस आपल्याकडे नाही, आणि नीट चावलं गेलं नाही तर तुकडा ओळखू येईल इतका मोठा राहतो. जवस, तीळ यांचं तर असं की अख्खे खाल्ले तर बरेचसे अख्खेच जातात. जवसाची चटणी आपण भाजून कुटून करतो, त्यात चवीइतकंच हेही शहाणपण आहे.

हा न पचणारा भाग वाया जातो असंही समजू नका. त्यालाच आपण चोथा म्हणतो. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ राहतो, पुढे सरकतो. भाजीपाला बंद करून नुसता भात आणि चहा-बिस्किटावर राहिलेल्या माणसाला कुंथावं लागतं ते चोथा नसल्यामुळे.

आता लहान मुलांकडे येते, कारण खरं नुकसान तिथे होताना मी पाहिलं आहे.

आमच्या एका गटातल्या सदस्येची नात, वय वीस महिने. घरात सगळे कणीस खात होते म्हणून तिलाही उकडलेले दाणे सोडून वाटीत दिले. संध्याकाळी सातच्या सुमाराला खाल्ले, दुसऱ्या दिवशी दुपारी शीमध्ये दहा-बारा दाणे. आजी घाबरली. शेजारणीने सांगितलं, पोट कच्चं आहे, काही पचत नाही, हलकं द्या. झालं. मका तर बंद केलाच, पण भाजी, वरण, भाकरीचा काला, अंडं, सगळं बंद. तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर आणि दुकानातून आणलेली पचनाची एक बाटली. तीन आठवडे हेच. शीमध्ये दाणे दिसेनात, म्हणून घरच्यांना वाटलं की गुण आला. दाणे दिसत नव्हते कारण दाणे देतच नव्हते.

अंगणवाडीत वजनाचा दिवस आला तेव्हा कळलं. आधीच्या महिन्यात नऊ किलो चारशे ग्रॅम होती, आता नऊ किलो शंभर. या वयाच्या मुलीचं वजन महिन्याला थोडं तरी वाढायला हवं, इथे तीनशे ग्रॅम घटलं होतं. अंगणवाडी ताईंनी विचारलं, जुलाब होते का? नाही. ताप? नाही. उलटी? नाही. खेळत होती का? हो. शी किती वेळा? दिवसातून एकदा, कधी दोनदा, घट्टसर. मग वजन का घटलं? खाणं बंद केल्यामुळे. पोरीचं पोट चांगलं होतं, तिच्या तोंडात दाढा पूर्ण नव्हत्या, एवढीच गोष्ट होती.

ही दाढांची गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी. मुलाला पुढचे दात सहा-आठ महिन्यांपासून येऊ लागतात, पण पुढच्या दातांनी फक्त चावा घेता येतो, दळता येत नाही. दळणाऱ्या पहिल्या दाढा साधारण तेरा ते एकोणीस महिन्यांच्या दरम्यान येतात. दुसऱ्या, मागच्या दाढा येता येता मूल दोन-अडीच वर्षांचं होतं. तोपर्यंत गिरणीच अर्धवट आहे. त्यात मूल खेळता खेळता गिळतं. शिवाय लहान मुलाच्या आतड्यातून अन्न मोठ्यांपेक्षा लवकर पुढे सरकतं. म्हणून गाजर केशरी दिसणार, वाटाणा हिरवा दिसणार, मका पिवळा दिसणार. दाढा आल्या, सावकाश खायची सवय लागली, की ते आपोआप कमी होतं.

त्या नातीचं पुढे काय केलं ते सांगते. बाटली बंद केली. मका द्यायचा तर कणीस किसून, थोड्या तुपावर परतून, दूध किंवा पाणी घालून मऊ कीस करून. वाटाणा, हरभरा शिजवून चेचून. भाजी बारीक चिरून वरणात शिजवून. गाजर किसून. भाकरी वरणात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. दोन महिन्यांनी वजन नऊ किलो सातशे भरलं. शीमध्ये मधूनमधून टोमॅटोची साल दिसत होती, आणि आजी आता ती बघून नुसती हसत होती.

इथे एक वेगळी गोष्ट जोडून सांगते, ती पचनाची नाही पण मक्याचीच आहे. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे मक्याचे दाणे, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्चा वाटाणा हातात देऊ नका. ते घशात, श्वासनळीत अडकू शकतात. पोटात गेलेला दाणा उद्या बाहेर येईल, श्वासनळीत गेलेला जीवावर बेततो. किसून, चेचून किंवा कूट करून द्या.

मोठ्या माणसांमध्ये असं का दिसतं, तर मुख्य कारण घाई. उन्हं चढायच्या आत शेतावर जायचं म्हणून उभ्या उभ्या चार घास. दात पडलेले किंवा कवळी ढिली. कीड लागलेली दाढ दुखते म्हणून एकाच बाजूने खायचं. माझ्या माहितीत अशा दोघीतिघी आहेत ज्यांनी पोटाच्या गोळ्या वर्षभर खाल्ल्या, आणि खरी दुरुस्ती दाढेची हवी होती. शीमध्ये अन्नाचे मोठे तुकडे दिसतात आणि खाताना एक बाजू टाळली जाते, असं असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा.

दुसरं कारण म्हणजे अन्न पुढे सरकण्याचा वेग. सर्वसाधारणपणे खाल्लेलं अन्न जठरात दोन ते पाच तास राहतं, लहान आतड्यातून जायला आणखी काही तास लागतात, आणि मोठ्या आतड्यात मात्र ते बराच वेळ रेंगाळतं. तोंडापासून शेवटापर्यंत एक ते तीन दिवस लागणं हे नेहमीचं. म्हणजे आज शीमध्ये जे दिसतं ते आज सकाळचं नसतं, कालचं किंवा परवाचं असतं. बऱ्याच बायका सकाळच्या नाश्त्याला दोष देतात आणि चूक भलत्याच भाजीवर टाकतात.

हा वेग मोजायला मक्यासारखं सोपं माप नाही. पाच-सहा दिवस मका अजिबात खायचा नाही. मग एके दिवशी दुपारच्या जेवणात वाटीभर उकडलेला मका खायचा, वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवायची. त्यानंतर शौचात पिवळा दाणा पहिल्यांदा कधी दिसला ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवशी दिसला तर गाडी वेळेवर आहे. तीन दिवसांनंतरही पत्ता नाही, तर बद्धकोष्ठ आहे, पाणी आणि चोथा वाढवायला हवा. सात-आठ तासांतच दिसला, आणि पातळही होत असेल, तर अन्न घाईने पळतं आहे. ही घरगुती अंदाजाची गोष्ट आहे, यावरून आजाराचं नाव ठरत नाही. पण डॉक्टरांना सांगायला ही माहिती फार उपयोगी पडते.

जुलाब लागले की वेग वाढतो आणि एरवी न दिसणारे तुकडेही दिसतात. तिथे तुकड्यांकडे बघू नका, पाण्याकडे बघा. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली तर ते जुलाब. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घोट घोट द्यायची, लहान मुलाला आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घेऊन चौदा दिवस द्यायच्या, आणि दूध, अंगावरचं पाजणं, जेवण बंद करायचं नाही. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, पीत नाही, तर गाडी करून सरळ दवाखान्यात.

एक ते पाच वर्षांच्या काही मुलांचं असंही असतं की महिनोन्‌महिने दिवसातून तीन-चार वेळा पातळसर शी, त्यात भाजीचे तुकडे, आणि मूल मात्र टुणटुणीत, वजन वाढतंय, रात्री झोपतंय. डॉक्टरांनी तपासून दुसरं काही नाही असं सांगितलं तर यात घाबरायचं कारण नसतं, वय वाढलं की ते थांबतं. अशा मुलांना बहुतेक वेळा रसाच्या गोड बाटल्या, सरबत, गोड पाणी जास्त जात असतं. ते कमी करायचं आणि जेवणात तेल-तूप ठेवायचं. तुपामुळे अन्न जठरात जरा जास्त थांबतं. आपण मात्र पोट बिघडलं म्हणून आधी तूपच काढतो.

आता ज्या गोष्टींवर खरंच थांबायला हवं, त्या सांगते. त्यांचा मक्याच्या दाण्याशी संबंध नसतो, पण लोक दाण्याकडे बोट दाखवतात आणि या गोष्टी मागे राहतात.

पहिली म्हणजे वजन. काही प्रयत्न न करता ब्लाउज ढिला होतोय, मुलाचं वजन दोन महिने वाढलेलं नाही, तर दाणा दिसो न दिसो, दाखवायला हवं. दुसरी म्हणजे तेलकट शौच. फिकट, मातकट रंगाचं, चिकट, भांड्याला धरून बसणारं, पाणी टाकून निघत नाही, वर तेलाचे डाग तरंगतात, आणि वास नेहमीपेक्षा फार उग्र. याचा अर्थ तेल-तूप पचत नाही. ते स्वादुपिंडाच्या, पित्ताच्या किंवा आतड्याच्या आजारात होतं. मुलाचं पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे आणि शी अशी असेल, तर काही मुलांना गव्हातला एक घटक सोसत नसतो, त्याची तपासणी करतात. तपासणीआधी आपल्या मनाने गहू बंद करू नका, बंद केला तर तपासणीत नीट कळत नाही.

तिसरी म्हणजे चावून खाल्लेलं, मऊ शिजलेलं अन्नसुद्धा ओळखू येण्यासारखं वारंवार दिसणं. मऊ भात, मटणाचे धागे, हे चोथ्याचे पदार्थ नाहीत, ते पचायला हवेत. एकदा जुलाबात दिसले तर ठीक, रोज दिसत असतील तर ठीक नाही. चौथी म्हणजे चौदा दिवसांपेक्षा जास्त चाललेले जुलाब, ताप, किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब. आणि रक्त.

रक्ताबद्दल जरा थांबते, कारण टोमॅटोच्या सालीने कितीतरी जणींची झोप उडवली आहे. साल असेल तर ती वेगळी, गुंडाळलेली, कडा असलेली असते. काडीने बाजूला करून वर थोडं पाणी ओतलं तर साल साल म्हणूनच राहते, रक्त पाण्यात पसरतं. बीट खाल्लं तर सगळंच लालसर होतं, लघवीसुद्धा कधी गुलाबी होते, आणि एक-दोन दिवसांत जातं. गरोदरपणी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की शौच काळं होतं, ते गोळीमुळे, गोळी बंद करू नका. पण लोहाची गोळी नसताना डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं शौच झालं तर ते वरच्या पोटातलं रक्त असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना.

जंतांचंही सांगायला हवं, कारण इथे उलटसुलट दोन्ही चुका होतात. बाळाला केळं दिल्यावर शीमध्ये बारीक काळसर धागे दिसतात. ते केळ्याच्या मधल्या भागाचे धागे असतात, जंत नव्हेत. केळं दोन दिवस थांबवलं की धागे गायब होतात. उलट, पांढऱ्या चपट्या काकडीच्या बीसारखे किंवा शिजलेल्या भाताच्या शितासारखे तुकडे दिसतात, घरात काकडी खाल्लेली नाही, आणि ते तुकडे जरा हलतात, तर ते चपट्या जंताचे तुकडे असू शकतात. बी कधी हलत नाही. पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक वळवळणारे आणि रात्री बसण्याच्या जागी खाज, तर ते दोरीजंत. गांडुळासारखा लांब दिसला तर विचारायलाच नको. शाळेत आणि अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक दिवस असतो, अल्बेंडाझोलची गोळी मिळते, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी चुरून, दोन वर्षांपुढे पूर्ण. ती चुकवू नका. चपट्या जंताला मात्र वेगळा औषधोपचार लागू शकतो, तेव्हा तुकडा झाकणाच्या डबीत घालून डॉक्टरांना दाखवा. लाजू नका, त्यांना तो बघायचाच असतो.

दाखवायला जाताना चार गोष्टी सांगता आल्या तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. कधीपासून, दिवसातून किती वेळा, पातळ की घट्ट, आणि वजन किती होतं व आता किती आहे. मुलाचं असेल तर अंगणवाडीचं कार्ड बरोबर घ्या. "काही पचत नाही" एवढंच सांगितलं तर बाटली हातात पडते आणि आपण परत येतो.

आणि एक शेवटचं, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या मैत्रिणींसाठी. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा बनवलेल्या असतात की औषध दिवसभर हळूहळू बाहेर पडावं. त्या गोळीचं वरचं कवच न विरघळता शौचातून बाहेर येऊ शकतं, बघितलं तर वाटतं गोळी अख्खीच आली. एका काकूंनी म्हणूनच गोळी घेणं सोडलं होतं, फुकट जाते म्हणत. औषध आधीच रक्तात गेलेलं असतं, मागे राहतं ते रिकामं कवच, अगदी मक्याच्या पापुद्र्यासारखं. ही गोळी चावायची किंवा तोडायची नाही, पाण्याबरोबर तशीच गिळायची. शंका वाटली तर गोळीची पट्टी घेऊन उपकेंद्रात विचारा, पण विचारेपर्यंत गोळी चालू ठेवा.